जुने अपठित उतारे दुसऱ्यांदा सोडवले की सगळं बरोबर, नव्या पेपरात मात्र तेच रडगाणं

अनघा_वाचते
मराठीच्या पेपरची तयारी करतेय. बहुपर्यायी प्रश्न आहेत, उताऱ्यावरचे आणि व्याकरणाचे. मागच्या वर्षांचे पेपर गोळा केले, सगळे अपठित उतारे सोडवले, मग पुन्हा सोडवले. दुसऱ्या फेरीत जवळजवळ सगळं बरोबर आलं. नवा, कधीच न पाहिलेला पेपर घेतला की मात्र गुण पहिल्या फेरीइतकेच. म्हणजे दुसऱ्या फेरीत मी उत्तर शोधत नव्हते, आठवत होते. आता जुने उतारे तर संपले. ते पुन्हा कामाला येतील अशी काही पद्धत आहे का, की फेकून द्यायचे?

टवाळ
फेकू नका, मला पाठवा. माझी अजून पहिलीच फेरी बाकी आहे.

धडाडी
ताई, उतारे वगैरे ठीक आहे, पण गुण व्याकरणात आहेत आणि व्याकरण म्हणजे खुणा. 'म्हणून' दिसलं की संयुक्त वाक्य. 'कारण' दिसलं की मिश्र. क्रियापद 'ले' ने संपलं आणि कर्त्याला 'ने' किंवा 'नी' असेल तर भावे. एवढ्या खुणा पाठ करा, उतारा वाचायचीही गरज नाही.

दोन_मुलांची_आई
माझ्या मुलाचाही हाच प्रश्न आहे. यंदा दहावीला आहे. अपठित गद्याची आकृती तो बरोबर पूर्ण करतो, पण दुसऱ्या कृतीत उताऱ्यातलं अख्खं वाक्यच उतरवतो. बाई म्हणतात नेमकं लिही. त्याला कसं शिकवू?

चिकित्सक
@दोन_मुलांची_आई, इथे पर्यायांच्या पेपरबद्दल चाललंय, तुमचं थोडं वेगळं आहे. पण दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला 4 गुण असतात, त्यामुळे फार जीव काढू नका. त्याला एक करायला सांगा: उत्तराचं वाक्य उताऱ्यात सापडलं की त्यातले प्रश्नाला लागणारे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायचे आणि तेवढेच लिहायचे. उरलेलं वाक्य सोडून द्यायला हात धजत नाही, तेवढीच खरी अडचण असते.

@धडाडी, या खुणांवर मी सोडवलं असतं तर गेल्या वेळी माझी वाट लागली असती. 'म्हणून' दोन्हीकडे येतो.

धडाडी
उदाहरण द्या मग. नुसतं 'दोन्हीकडे येतो' काय!

निवृत्त_फळा
उदाहरण मी देतो. बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं, सराव पेपरही काढले, त्यामुळे पेपर काढणारा काय करतो ते थोडंफार कळतं. पेपरातला उतारा इथे तसाच टाकत नाही, त्याच धाटणीचा एक छोटा उतारा लिहितो.

"नळाला पाणी येईनासे झाले तेव्हा गावाला जुन्या विहिरीची आठवण झाली. नळ आल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकले नव्हते. काही तरुणांनी गाळ उपसायला घेतला. वडीलधाऱ्यांनी मात्र ते हसण्यावारी नेले. पाणी लागावे म्हणून तरुण महिनाभर राबले. पावसाळ्यात विहीर भरली आणि हसणारेच घागरी घेऊन पुढे उभे राहिले. विहिरीने कोणालाही परत पाठवले नाही."

प्रश्न: या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती?
अ) तरुण कष्टाळू असतात, वडीलधारे आळशी असतात.
ब) ज्याची उपेक्षा केली त्याची किंमत गरज पडल्यावर कळते.
क) नळाच्या पाण्यापेक्षा विहिरीचे पाणी आरोग्याला चांगले.
ड) पावसाळ्यात गावची विहीर भरली.

उत्तर ब, यात कोणाला शंका नसावी. अनघाताई, तुमच्या जुन्या उताऱ्यांत तुम्ही अशा बरोबर पर्यायाला खूण केलीत आणि पुढे गेलात. माझं म्हणणं, उताऱ्याचा अर्धा उपयोग बाकीच्या तीन पर्यायांत आहे. तो तुम्ही अजून केलेलाच नाही, म्हणून तुमचे उतारे संपलेले नाहीत.

चुकीचा पर्याय आपोआप तयार होत नाही. पेपर काढणारा तो विचार करून घडवतो, आणि घडवायच्या रीती थोड्याच आहेत. 'अ' मध्ये उताऱ्यातली गोष्ट ताणली आहे. वडीलधारे हसले एवढंच उतारा सांगतो, आळशी होते असं कुठेच म्हणत नाही. 'क' कदाचित तुम्हाला पटेलही, पण ते तुमच्या डोक्यातून आलं, उताऱ्यातून नाही. आणि 'ड' सगळ्यात फसवा, कारण तो शब्दशः खरा आहे. फक्त तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आता जुना उतारा काढा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे पेन्सिलीने लिहा: ताणलेला, बाहेरचा, की खरा पण न विचारलेला. बरोबर उत्तर पाठ असलं तरी हे पाठ नसतं.

रात्रपाळी
सर, हे पटलं. माझं मात्र कवितेच्या उताऱ्यावर अडतं. गद्यात वाक्य सापडतं, कवितेत सगळेच पर्याय बरोबर वाटतात. कामावरून येऊन रात्री सोडवतो, त्यामुळे झोपेचाही हात असेल.

टवाळ
कवितेत सगळे पर्याय बरोबरच असतात. कवीलाही नक्की माहीत नसतं.

निवृत्त_फळा
@रात्रपाळी, कवितेच्या उताऱ्यात बहुतेक वेळा 'बाहेरचा' पर्याय घात करतो. सूर्यास्ताची ओळ दिसली की आपण आधीच 'निराशा' धरून बसतो, मग कवितेत तसा शब्द असो वा नसो. पर्याय झाका. कवितेतल्या कोणत्या शब्दामुळे तुम्हाला तो भाव वाटला, तो शब्द बोटाने दाखवा. दाखवता आला नाही तर तो भाव तुमचा, कवितेचा नव्हे. पर्याय झाकण्याचं गद्यातही करा. आधी आपल्या शब्दांत उत्तर मनात आणायचं, मग चारांतला सर्वांत जवळचा शोधायचा. चारही पर्याय आधी वाचले की चारही खरे वाटू लागतात.

चिकित्सक
पण सर, वेळ? पेपरात पर्याय झाकून बसायला कोण देतं? मी तर आधी प्रश्न वाचतो, मग उतारा. शोधायचं काय ते माहीत असलं की एका वाचनात काम होतं.

निवृत्त_फळा
झाकणं सरावासाठी आहे. प्रत्यक्ष पेपरात आधी प्रश्न की आधी उतारा, यावर माझे सहकारीही भांडायचे. माझा अनुभव असा की शब्दार्थाचे, 'उताऱ्यात कोण काय म्हणाले' असे प्रश्न असतील तर आधी प्रश्न वाचणं फायद्याचं. मध्यवर्ती कल्पना, शीर्षक असे प्रश्न असतील तर आधी वाचून उपयोग नाही, ते सगळा उतारा वाचल्याशिवाय सुटतच नाहीत.

चिकित्सक
म्हणजे कोणते प्रश्न आहेत हे कळायला आधी प्रश्न वाचायलाच हवेत. मी जिंकलो. :)

धडाडी
आकलन झालं. माझ्या खुणांचं काय झालं? उताऱ्यात 'म्हणून' आहे, वाक्य संयुक्त आहे. चला, सिद्ध करा.

निवृत्त_फळा
"पाणी लागावे म्हणून तरुण महिनाभर राबले." धडाडी, हे मिश्र वाक्य आहे. आता यातली क्रियापदं बदलून दुसरं वाक्य करा: "पाणी लागले म्हणून तरुण थांबले." हे संयुक्त. 'म्हणून' तोच, जागा तीच.

पहिल्यात पाणी अजून लागलेलं नाही. ते लागावं हा राबण्यामागचा हेतू आहे, म्हणून ते गौण वाक्य, आणि इथला 'म्हणून' उद्देशबोधक. दुसऱ्यात पाणी लागून गेलं, त्याचा परिणाम म्हणून तरुण थांबले. हा 'म्हणून' परिणामबोधक, आणि परिणामबोधक अव्यय आपल्या परंपरागत व्याकरणात प्रधानत्वसूचकांत धरतात. खूण हवीच असेल तर 'म्हणून' कडे बघू नका, त्याच्या आधीच्या क्रियापदाकडे बघा. 'लागावे', 'मिळावी', 'व्हावा' असं विध्यर्थी रूप आलं की हेतू, तिथे मिश्र.

धडाडी
बरं. हे मानलं. 'कारण' तरी मिश्रच ना?

चिकित्सक
'कारण' मिश्र, तिथे तुम्ही सुटलात. पण 'ले' ची खूण राहिली. सरांनी उताऱ्यात तीन 'ले' मुद्दाम पेरलेत असा मला संशय आहे.

निवृत्त_फळा
चोर पकडलात. तीन वाक्यं शेजारी ठेवा.

"तरुण महिनाभर राबले."
"वडीलधाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले."
"विहिरीने कोणालाही परत पाठवले नाही."

तिन्ही क्रियापदं 'ले' ने संपतात आणि तिन्हींचे प्रयोग वेगळे आहेत. कुठला ते पाठ करायचं नाही, वाक्यातला एक शब्द बदलून बघायचा.

पहिल्यात कर्ता बदला. 'तरुण' च्या जागी 'मुली' घाला, "मुली महिनाभर राबल्या" असं होतं. क्रियापद कर्त्यामागे गेलं, म्हणजे कर्तरी.

दुसऱ्यात कर्त्याला 'नी' लागला आहे, म्हणून क्रियापद त्याच्यामागे जाऊ शकत नाही. 'वडीलधाऱ्यांनी' चं 'मुलींनी' केलंत तरी 'नेले' तसंच राहतं. आता कर्म बदला. 'ते' च्या जागी 'ती सूचना' घाला, "सूचना हसण्यावारी नेली" असं होतं. क्रियापद कर्मामागे गेलं. म्हणजे कर्मणी. धडाडींच्या खुणेने हाच भावे ठरला असता. 'ते' हे कर्म मुळातच नपुंसकलिंगी एकवचनी आहे, म्हणून कर्मणीतलं क्रियापद योगायोगाने भावेसारखं दिसतं. कर्म नपुंसकलिंगी एकवचनी ठेवणं हा पेपर काढणाऱ्याचा आवडता सापळा.

तिसऱ्यात 'कोणालाही' च्या जागी 'बायकांना' घाला, 'मुलाला' घाला. 'पाठवले' हलतच नाही. 'विहिरीने' च्या जागी 'गावकऱ्यांनी' घातलंत तरी हलत नाही. कर्ता आणि कर्म दोघांनाही दाद देत नाही, म्हणजे भावे.

टवाळ
'पाठवले' आमच्या साहेबांसारखं निघालं.

अनघा_वाचते
सर, एक शंका. "तिच्याकडे कोणी फिरकले नव्हते" याचं काय? 'कोणी' ला प्रत्यय नाही, पण पुरुष की बाई तेही कळत नाही, आणि क्रियापद नपुंसकलिंगी दिसतं. मी भावे म्हटलं असतं.

निवृत्त_फळा
छान शंका. तीच युक्ती लावा. 'कोणी' च्या जागी 'एकही मुलगी' घाला.

अनघा_वाचते
"एकही मुलगी फिरकली नव्हती." बदललं! म्हणजे कर्तरी.

रात्रपाळी
हे मी पाठ केलेल्या तक्त्यात नव्हतं. तक्त्यात फक्त 'रामाने आंबा खाल्ला' असायचं.

चिकित्सक
दुसऱ्या वाक्यापुरता एक शॉर्टकट आहे: कर्त्याला 'ने' किंवा 'नी' आणि कर्माला प्रत्ययच नाही, तर कर्मणी. 'ते' ला प्रत्यय नाही, संपलं. शब्द बदलून बघण्यापेक्षा हे लवकर होतं.

निवृत्त_फळा
लवकर होतं, खरं आहे. पण आधी कर्म ओळखावं लागतं, आणि मुलं अडतात तीच जागा. कर्म चुकलं की शॉर्टकटही चुकतो. शब्द बदलल्यावर वाक्य कानाला खटकलं तर चूक तिथेच कळते.

चिकित्सक
मग मी एक खटकणारं विचारतो. "गावाला जुन्या विहिरीची आठवण झाली." यात कर्ता कोण? गाव की आठवण?

धडाडी
गाव! आठवण कोणाला झाली? गावाला.

निवृत्त_फळा
क्रियापद 'आठवण' मागे जातं. 'स्मरण' घातलं तर 'स्मरण झाले'. त्या हिशेबाने कर्ता आठवण, आणि 'गावाला' ही चतुर्थी. पण अर्थाने अनुभव घेणारा गावच आहे, म्हणून काही जण अशा वाक्यांत चतुर्थ्यंत कर्ता मानतात. तुमच्या परीक्षेने कोणता विचार धरला आहे ते जुन्या पेपरांच्या उत्तरांतूनच कळेल. दोन-तीन वर्षांची अशी वाक्यं शोधा आणि त्यांनी काय धरलंय ते बघा.

चिकित्सक
आणि उत्तरं बघाल तेव्हा अंतिम उत्तरतालिका बघा. अशा परीक्षांत आधी तात्पुरती उत्तरतालिका येते, उमेदवार हरकती घेतात, मग काही उत्तरं बदलतात, काही प्रश्नच रद्द होतात. काही पुस्तकांत पहिल्याच तालिकेची उत्तरं छापून येतात. मी एका रद्द झालेल्या प्रश्नाचं 'बरोबर' उत्तर पुस्तकातून पाठ करणारे लोक पाहिलेत. माझ्या मते रद्द झालेले प्रश्न वेगळे काढून ठेवावेत, कारण कुठे दोन मतं आहेत ते तिथेच दिसतं.

दोन_मुलांची_आई
अधोरेखित करायला सांगितलं मुलाला. आता तो अख्खं वाक्य अधोरेखित करतो आणि मग अख्खं उतरवतो. 😅

चिकित्सक
प्रगती आहे. आता अट घाला: एका उत्तराला एकदाच पेन्सिल टेकवायची आणि प्रश्नात आलेला शब्द अधोरेखित करायचा नाही.

अनघा_वाचते
मी परत आले. सरांनी सांगितल्याप्रमाणे जुने पेपर काढून चुकीच्या पर्यायांना नावं दिली, आणि पहिल्या फेरीत मी चुकून निवडलेल्या पर्यायांची वेगळी यादी केली. 'ताणलेला' त्यात फारसा नाही, 'बाहेरचा' थोडाच. बहुतेक ठिकाणी मी 'खरा पण न विचारलेला' निवडलाय. म्हणजे उतारा मला कळतो, प्रश्न नीट वाचत नाही. आता हे कसं सुधारायचं? 'प्रश्न नीट वाचा' हे तर सगळेच सांगतात.

निवृत्त_फळा
मग तुमच्यासाठी वेगळी कृती. पर्याय तसेच ठेवा आणि प्रश्न बदला. मघाचाच उतारा घ्या. 'ड' म्हणजे "पावसाळ्यात गावची विहीर भरली" हे बरोबर उत्तर ठरेल असा प्रश्न तयार करा.

अनघा_वाचते
"पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्यात आले आहे?"

निवृत्त_फळा
बरोबर. आता 'ब' तिथे चुकेल, कारण ते वाक्य उताऱ्यात कुठेच नाही, ते आपण काढलेलं अनुमान आहे. पर्याय तेच, उत्तर उलटं. आता 'अ' बरोबर ठरेल असा प्रश्न करून बघा.

अनघा_वाचते
जमत नाही. "उताऱ्यात न आलेले विधान कोणते?" असा नकारार्थी केला तर अ, ब, क तिन्ही चालतात.

निवृत्त_फळा
हेच बघायचं होतं. ज्या पर्यायासाठी प्रश्न बदलून जागा करता येते, तो 'न विचारलेला'. कसाही सरळ प्रश्न केला तरी ज्याला जागा होत नाही, तो 'ताणलेला' किंवा 'बाहेरचा'. तुमच्या यादीतल्या प्रत्येक चुकीला असा नवा प्रश्न लिहा. 'मध्यवर्ती कल्पना', 'उताऱ्यात आलेले', 'अनुमान', 'लेखकाच्या मते' हे चार शब्दप्रयोग किती वेगळी उत्तरं मागतात ते हाताने लिहिल्यावर डोळ्यांना दिसायला लागतं. 'लेखकाच्या मते' मध्ये तर उताऱ्यातल्या एखाद्या पात्राचं मत लेखकाच्या गळ्यात घालणारा पर्याय हमखास असतो.

रात्रपाळी
सर, व्याकरणासाठीही जुना उतारा असाच वापरायचा का? पेपरात एका उताऱ्यावर व्याकरणाचे दोन-तीनच प्रश्न असतात, बाकीची वाक्यं वाया जातात.

निवृत्त_फळा
न विचारलेली वाक्यं हाच तुमचा नवा पेपर. पण मिळेल त्या वाक्यावर प्रश्न काढू नका, फसवणारी वाक्यं निवडा: नपुंसकलिंगी कर्माचं, 'म्हणून' चं, 'तेव्हा' चं. आणि जमलं तर दोघांनी मिळून करा. एकाने प्रश्न काढायचे, दुसऱ्याने सोडवायचे. स्वतः काढलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला आधीच माहीत असतं. दोन-चार पेपर मात्र अजिबात न उघडता ठेवा, घड्याळ लावून सोडवायला.

अनघा_वाचते
@रात्रपाळी, आपण करूया का? मी उद्या एका उताऱ्यावर पाच प्रश्न पाठवते.

रात्रपाळी
चालेल. पण कविता एक तरी असू द्या.

धडाडी
थांबा, 'तेव्हा' म्हणालात म्हणून विचारतो. "नळाला पाणी येईनासे झाले तेव्हा गावाला आठवण झाली." माझ्या पुस्तकातल्या परिणामबोधकांच्या यादीत 'तेव्हा' आहे. म्हणजे हे संयुक्त. आता बोला.

चिकित्सक
पुढे 'जेव्हा' लावून बघा. "जेव्हा नळाला पाणी येईनासे झाले तेव्हा..." बसतं. कालदर्शक गौण वाक्य, मिश्र. तुमच्या यादीतला 'तेव्हा' म्हणजे "तू दमला आहेस, तेव्हा झोप" यातला. तिथे 'जेव्हा' बसत नाही, 'म्हणून' बसतो.

धडाडी
"पाऊस थांबला, तेव्हा आम्ही निघालो." इथे दोन्ही बसतात की!

चिकित्सक
बसतात. असं वाक्य पेपरात आलं तर मी हरकत घेईन.

टवाळ
आणि मी दोन्ही गोल रंगवीन.